चंद्राच्या खळ्याबद्दल सायलीला

चि. सायली,

तुझा फोटो मिळाला. माडाच्या झावळ्यांच्या वर चंद्र आणि त्याभोवती एवढं पूर्ण वर्तुळ! सुट्टीतही तुझं लक्ष आकाशाकडे आहे, याचा मला फार आनंद झाला.

आधी तुझी शंका, की हा मोबाईलच्या काचेचा खेळ तर नाही ना? नाही. तू लिहिलंयस की आजीलाही ते नुसत्या डोळ्यांनी दिसलं. पुढच्या वेळी आणखी खात्री करायची असेल तर चंद्र माडाच्या खोडाआड घे. काचेतली चकाकी लगेच जाते, आकाशातलं कडं तसंच राहतं.

याला आपण खळं म्हणतो. तुमच्या अंगणालाही खळंच म्हणतात, आणि मला तो शब्द इथेही शोभतो असं वाटतं. आता हे खळं कशाचं? बर्फाचं. हो, देवगडच्या डोक्यावर, मे महिन्यात, बर्फ!

आपण खाली घामाने निथळतो, पण वर जावं तसं दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं. खाली ३० अंश असेल तर नऊ किलोमीटरवर उणे २८ च्या आसपास. तिथे सिरोस्ट्रेटस नावाचे, मलमलीसारखे पातळ ढग असतात. ते इतके विरळ की तुझ्या फोटोत कड्याच्या आतला तारासुद्धा दिसतोय. हे ढग बर्फाच्या बारीक सहाकोनी स्फटिकांचे असतात, न तासलेल्या शिसपेन्सिलीच्या आकाराचे म्हण.

चंद्राचा प्रकाश अशा स्फटिकाच्या एका बाजूतून शिरतो आणि एक बाजू सोडून पुढच्या बाजूतून बाहेर पडतो. या दोन बाजूंमध्ये ६० अंशांचा कोन होतो, म्हणजे आपल्या प्रयोगशाळेतला लोलकच. स्फटिक वाटेल तसे फिरलेले असतात, त्यामुळे प्रकाश कमी-जास्त वळतो. पण २२ अंशांपेक्षा कमी तो वळूच शकत नाही, आणि सगळ्यात जास्त प्रकाश त्या २२ अंशांच्या जवळपासच गोळा होतो. म्हणून कड्याची आतली कडा रेखीव आणि बाहेरची विरत गेलेली. म्हणूनच आतलं आकाश बाहेरच्यापेक्षा काळोखं दिसतं, ते तू बरोबर टिपलंस. तांबडा रंग सगळ्यांत कमी वळतो, म्हणून आतल्या कडेला तांबूस झाक. अंधुक उजेडात डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळले.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. ढगभर पसरलेल्या स्फटिकांपैकी तुझ्या डोळ्यांपर्यंत प्रकाश पाठवतात ते फक्त चंद्रापासून २२ अंशांवरचे. तू दोन पावलं सरकलीस की ते काम दुसरे स्फटिक करतात. म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या आजीचं खळं वेगळं, तुझं वेगळं!

हात पूर्ण लांब कर, बोटं ताण, अंगठा चंद्रावर ठेव. करंगळी कड्याच्या जवळपास पोचेल. दरवेळी तेवढीच वीत भरते, कारण तो कोन बर्फाने ठरवलेला आहे.

आता आजीचं म्हणणं: "लांबचं खळं, जवळचा पाऊस, जवळचं खळं, लांबचा पाऊस." तिचं निरीक्षण खरं आहे, खळी दोन प्रकारची असतात. चंद्राला अगदी चिकटून असणारं छोटं, रंगीत कडं मात्र बहुतेक वेळा पाण्याच्या सूक्ष्म थेंबांमुळे, प्रकाशाच्या विवर्तनाने होतं. ते खालच्या ढगांत दिसतं. पण मोठं खळं दिसलं म्हणून उद्या पाऊस येईलच, असं मी सांगणार नाही. थंड देशांत असे ढग पुष्कळदा पावसाच्या पट्ट्यापुढे धावतात. आपल्याकडे ते अरबी समुद्रावर कुठेतरी दूर गडगडलेल्या ढगाच्या माथ्यावरून पसरलेलेही असू शकतात, आणि तो पाऊस इकडे फिरकतही नाही.

तेव्हा खळ्यात वाळत घातलेली सोलं लगेच उचलू नका. हवामान खात्याचा अंदाज बघा, आणि आकाशही बघा. ढग दाट होत खाली आले, खळं पुसून चंद्र घासलेल्या काचेमागे असल्यासारखा धुरकट झाला, तर मात्र आजीला सांग, सोलं रात्रीच आत घेऊया.

सूर्यालाही असंच खळं पडतं. ते बघताना सूर्य झाडाआड किंवा भिंतीआड घ्यायचा, थेट बघायचं नाही.

पुढचे चार दिवस रोज रात्री आठला वहीत लिही: खळं दिसलं का, वीत भरली का, दुसऱ्या दिवशी पाऊस आला का. शाळा उघडली की ती वही आण, आपण लोलक आणि टॉर्च घेऊन वर्गात हे सगळं करून बघू. आजीला नमस्कार सांग.

तुझे,
कदम सर