लग्नाच्या फोटोंबाबत: फोनवर ठरलेलं आणि थोडं राहिलेलं

नमस्कार,

परवा फोनवर बोललो ते लिहून पाठवतोय. काही खटकलं तर रविवारपर्यंत कळवा, नाहीतर हेच पक्कं धरू.

सकाळी १० ते रात्री ८, तुम्ही आणि एक सहकारी. हॉलची सजावट, स्टेज, ताटं यांचे चार-पाच फोटो पुरे. मला माणसं हवीत. ताई तयार होताना आजोबांचं जुनं घड्याळ घालणार आहे. ते तिला सैल होतं, म्हणून पट्ट्याला जास्तीचं भोक पाडलंय. आई ते तिच्या मनगटावर बांधेल, तो क्षण चुकवू नका. आणि पुन्हा बांधायला लावू नका. बाबा संध्याकाळी दोन शब्द बोलणार आहेत. त्याआधी ते खिशातला कागद दहादा उघडून बघतील, तेव्हा एक कॅमेरा त्यांच्यावर असू द्या.

ग्रुप फोटो लग्न लागल्यावर लगेच. एकूण १२ ग्रुप, ४० मिनिटं. पहिला आजीचा: तिला पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून स्टेजच्या खाली खुर्चीवर, सगळी नातवंडं भोवती. माझ्या लग्नात तिला शेवटी बोलावलं आणि ती कंटाळून निघून गेली होती. तिचा एकही धड फोटो नाही. मग आमचं घर, काका-आत्या, मामा-मावश्या, त्यानंतर नवऱ्याकडचे. क्रमवार यादी सोबत जोडली आहे. माणसं गोळा करायला आमच्याकडून धाकटी मावशी आणि त्यांच्याकडून नवऱ्याचा चुलतभाऊ तुमच्यासोबत राहतील.

एक नाजूक गोष्ट. नवऱ्याचे आईवडील वेगळे राहतात. दोघांचे नवरा-नवरीसोबत स्वतंत्र फोटो घ्या. ‘आता दोघं एकत्र या’ असं कुणीही म्हणू नये. सहकाऱ्यालाही आधीच सांगून ठेवा.

निवडक २५ फोटो दोन दिवसांत, बाकी सगळे एडिट करून ३० दिवसांत, पूर्ण आकारात आणि लोगोशिवाय. अल्बमचे ८० आम्ही त्यानंतर १५ दिवसांत निवडू. आमच्याकडून उशीर झाला तर अल्बमची तारीख तेवढी पुढे. अल्बम निवडीनंतर महिनाभरात. शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावर. मूळ फाइल्स सहा महिने दोन ठिकाणी जपून ठेवा. लहान मुलांचे फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

जादा वेळ: ८ नंतरची पहिली १५ मिनिटं धरायची नाहीत. पुढे प्रत्येक अर्ध्या तासाला ठरलेल्या रकमेचा विसावा भाग, दोघांचा मिळून. पण थांबायचं की नाही हे फक्त मी सांगेन, तेही मेसेजवर. हौशी पाहुणे ‘अजून थोडं थांबा’ म्हणतीलच, त्याचे पैसे आम्ही देणार नाही. कार्यक्रम आमच्यामुळे लांबला तर जादा लागू. तुम्ही उशिरा आलात तर तेवढा वेळ शेवटी भरून द्यायचा. जेवणाची ३० मिनिटं दहा तासांतच धरली आहेत, फक्त दोघं एकदम जेवायला जाऊ नका.

उत्तरात ‘मान्य’ लिहिलंत की दुसरा हप्ता त्याच दिवशी पाठवतो.

नवरीचा भाऊ