चल रे भोपळ्या: शनिवारच्या गोष्टीची संहिता

ताई, येत्या शनिवारी मी माझ्या लेकीकडे जात असल्यामुळे वाचनालयाच्या बालविभागातली पाच वाजताची गोष्ट आपण सांगणार आहात, म्हणून मी सांगते तशीच ती उतरवून देत आहे. कंसातला मजकूर आपल्यासाठी आहे, बाकीचा मोठ्याने म्हणायचा. मुले चार ते आठ वर्षांची असतात. पंखा मात्र बंद ठेवावा, कारण त्याच्या घरघरीत म्हातारीची कुजबुज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही.

(रोजच्या बोलण्याच्या आवाजात, सावकाश.)

एक होती म्हातारी. अंगाने इतकी वाळलेली की तिची काठी तिच्याहून जाड दिसे. तिची लेक डोंगरापलीकडच्या गावात दिलेली होती आणि मधे होते दाट जंगल. एके दिवशी म्हातारीला लेकीची अशी काही आठवण आली की तिने चुलीतला विस्तव राखेखाली झाकला, दाराला कडी घातली, काठी उचलली आणि ती निघाली.

(बोटांनी जमिनीवर वाजवावे: टक्… टक्… टक्. दोन टकटकींच्या मधे एक पूर्ण श्वास जाऊ द्यावा. इथे घाई केली तर पुढे भोपळ्याचा वेग मुलांना जाणवतच नाही.)

वाटेत करवंदीच्या जाळीतून बाहेर आला कोल्हा.

(कोल्ह्याचा आवाज बारीक, नाकातून आणि गोड. मान किंचित तिरपी.)

“कुठं निघालीस गं, म्हातारे? मला तर भूक लागली आहे. मी तुला खातो.”

(म्हातारीचा आवाज थरथरता असला तरी भित्रा नसावा. हा भेद जपावा. ती घाबरली तर मुलेही घाबरतात, आणि मग हसत नाहीत.)

“अरे, माझ्या हाडांत तुला काय मिळणार?
लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन,
लठ्ठ होईन, मग मला खा!”

कोल्ह्याने तिच्या मनगटाकडे पाहिले, जिभल्या चाटल्या आणि वाट सोडली. टक्… टक्. पुढे भेटला लांडगा.

(लांडगा घोगरा आणि तुटक बोलतो. त्याचा प्रसंग लांबवू नये.)

“थांब. खातो.”

“लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन,
लठ्ठ होईन, मग मला खा!”

लांडगाही बाजूला झाला. टक्… टक्… आणि मग जंगल एकदम गप्प झाले. पाखरे गप्प झाली, पानेसुद्धा हलेनात.

(आवाज उतरवत शेवटचा शब्द ओठांवरच ठेवावा. मनात तीन आकडे मोजावेत. पहिल्या रांगेतले कोणीतरी “वाघ!” म्हणतेच, आपण होकार देऊ नये, फक्त त्या मुलाकडे पाहावे.)

वाटेच्या मधोमध बसला होता वाघ.

(वाघ ओरडत नाही. त्याचा आवाज पोटातून आणि अगदी संथ यावा. हळू बोलणारा वाघ अधिक मोठा वाटतो.)

“म्हातारे… मी… तुला… खाणार.”

(इथे फक्त “लेकीकडे…” म्हणून थांबावे आणि उरलेले मुलांना म्हणू द्यावे.)

“लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन,
लठ्ठ होईन, मग मला खा!”

वाघाने मोठी जांभई दिली आणि तो म्हणाला, “लवकर… ये.”

लेकीकडे म्हातारीचे दिवस मोठ्या सुखात गेले. सकाळी दूध, दुपारी तूप-रोटी, रात्री मऊ भातावर दही; महिन्याभरात तिचे गाल वर आले आणि बांगड्या हातात रुतू लागल्या. पण जायचा दिवस जवळ आला तशी ती खिडकीशी बसून जंगलाकडे पाहत राही. लेकीने विचारले तेव्हा तिने सगळे सांगितले. लेक हसली आणि तिने परसातल्या वेलावरचा सर्वांत मोठा लाल भोपळा आणवला. जावयाने देठाकडून त्याचे झाकण कापले, हात कोपरापर्यंत आत घालून बिया आणि धागे ओरबाडून काढले, पण सालीला लागून दोन बोटे गर मात्र तसाच राहू दिला.

(हात खरोखर आत घातल्यासारखा करावा, बोटांना चिकटलेल्या बिया झटकाव्यात. मुले “ई” म्हणतात, म्हणू द्यावे. दोन बोटे गर दोन बोटे दाखवूनच सांगावा, शेवटी तो लागणार आहे.)

म्हातारी आत बसली, लेकीने झाकण लावले आणि भोपळ्याला एक धक्का दिला.

“चल रे भोपळ्या, टुणुक टुणुक!”

(मुलांनी मांडीवर दोन थापा द्याव्यात. इथून गती वाढवावी.)

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, ओढा ओलांडला, बांध ओलांडला, आणि भोपळा जंगलात शिरला. वाटेत वाघ.

“भोपळ्या… म्हातारी… पाहिलीस?”

(म्हातारी आता भोपळ्याच्या आतून बोलते: तळहात तोंडापुढे कपासारखा धरावा.)

“म्हातारी-कोतारी मला नाही ठाऊक,
चल रे भोपळ्या, टुणुक टुणुक!”

वाघ बघतच राहिला. टुणुक टुणुक. पुढे लांडगा.

“ए. म्हातारी?”

“म्हातारी-कोतारी मला नाही ठाऊक,
चल रे भोपळ्या, टुणुक टुणुक!”

(थापा जोरात चालू असतानाच हात वर करून त्या एकदम थांबवाव्यात.)

भोपळा थांबला. त्याच्यावर कोणीतरी पाय ठेवला होता.

(कुजबुज.)

आत अंधार. बाहेर नाकाचा आवाज: सूं… सूं… मग वरून कोणीतरी नखाने टकटक केले.

(काठीच्याच लयीत, पण नखाने: टक्… टक्. एखादे लहान मूल जवळ सरकले तर त्याला सरकू द्यावे. शांतता सहन होईनाशी झाली की मगच पुढे जावे. मला अजूनही इथे लवकर बोलण्याचा मोह होतो.)

“भोपळ्याला कधीपासून तुपाचा वास येऊ लागला गं… म्हातारे?”

कोल्हा! आणि त्याला इतका आनंद झाला की तो ओरडला, “म्हातारी भोपळ्यात! म्हातारी भोपळ्यात!” त्या ओरडण्याने झाडी मोडत आला लांडगा आणि त्याच्यामागून आला वाघ.

“माझी!” “मला म्हणाली होती!” “मला… म्हणाली… होती!”

(तीन आवाज आलटून पालटून, दर वेळी मान वेगळ्या दिशेला. आवाज गोंधळले तरी चालतील, माना गोंधळू नयेत.)

कोल्ह्याने लांडग्याचे शेपूट धरले, लांडग्याने वाघाचा कान धरला, वाघाने दोघांना पंजाखाली घेतले, आणि या धुमश्चक्रीत भोपळ्यावरचा पाय निघाला. म्हातारीने आतून दोन्ही गुडघ्यांनी दिला धक्का! पुढे उतार, उताराखाली गाव, गावाच्या टोकाला तिचे घर; टुणुक टुणुक टुणुक टुणुक, आणि उंबऱ्यावर आपटून भोपळा फुटला, फाट्! म्हातारी उठली, फोडी ओट्यात घेतल्या, आत गेली, दार लावले. कडी. खट्.

(इथे एक दीर्घ श्वास सर्वांनी मिळून घ्यावा. पुढचे पुन्हा पहिल्या, संथ आवाजात.)

संध्याकाळी दाराच्या फटीशी एक नाक आले. सूं… सूं… आत चुलीवर कढई होती, भोपळ्याचा गर किसून, गूळ आणि कणीक घालून म्हातारी घारगे तळत होती.

“म्हातारे,” कोल्हा अगदी गोड आवाजात म्हणाला, “काय करतेस गं?”

(म्हातारीने एक घारगा उलटावा, झाऱ्याने तेल निथळावे, आणि मगच उत्तर द्यावे.)

“लठ्ठ होतेय रे बाबा. अजून थोडे दिवस थांब!”