तिसऱ्या मजल्याच्या फ्लॅटच्या टोकनबद्दल

नमस्कार काका,

रविवारी आईला घेऊन तुमचा फ्लॅट बघायला आले होते आणि लगेच टोकनही दिलं, ती मी. सकाळपासून दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. बोलताना मला अवघडल्यासारखं होईल, म्हणून आधी लिहिते.

काका, आम्हाला फ्लॅट घेता येणार नाही. त्या दिवशी वर येताना आई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून उभी राहिली होती, काकूंनी तिथेच पाणी आणून दिलं, आठवत असेल. तेव्हा मला वाटलं, दमली असेल. मंगळवारी डॉक्टरांनी एक्स-रे बघून दोन्ही गुडघ्यांची झीज बरीच पुढे गेल्याचं सांगितलं आणि जिने चढायला साफ मनाई केली. लिफ्ट नाही हे मला आधीच माहीत होतं. विचार करूनच टोकन द्यायला हवं होतं, ही चूक सर्वस्वी माझी. फ्लॅटमध्ये काही खोट काढायला जागाच नाही. आईला अजून ती पूर्वेची गॅलरी सोडवत नाहीये.

आपलं बोलणं १८,००० भाडं आणि ७५,००० डिपॉझिटवर ठरलं होतं. त्यातले १५,००० टोकन म्हणून मी रविवारीच ट्रान्सफर केले. करार अजून झालेला नाही, अंगठ्यासाठी माणूस शनिवारी येणार होता, त्याला मी आजच नको म्हणून कळवते. एजंटशीही मीच बोलेन, तुम्हाला त्याचा त्रास नको.

टोकन परत मिळेल का, हे विचारताना संकोच वाटतो, कारण आमच्यासाठी तुम्ही सोमवारी आलेल्या त्या जोडप्याला नाही म्हणालात. रविवार ते आज गुरुवार असे पाच दिवस फ्लॅट आमच्यामुळे अडकला. रोजचे ६०० धरले तर ३,००० होतात. ते कापून घेतलेत तर माझी काहीच तक्रार नाही. उरलेले १२,००० मिळाले तर फार मदत होईल, कारण आता तळमजल्याची किंवा लिफ्टची जागा शोधून तिथे पुन्हा टोकन द्यावं लागणार आहे. लगेच जमत नसेल तर महिनाअखेरीस दिलेत तरी चालेल, फक्त तसं एकदा कळवा, म्हणजे मला पुढची जुळवाजुळव करता येईल. पैसे ज्या नंबरवरून आले, त्याच नंबरवर पाठवले तरी चालतील.

ते जोडपं अजून जागा शोधत असेल तर त्यांना आजच फोन करा, आमच्यासाठी थांबू नका. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीणही तुमच्याच भागात घर बघतेय. तुमची हरकत नसेल तर तिला तुमचा नंबर देते.

पडद्यांची मापं घ्यायला काकूंनी दिलेली किल्ली माझ्याकडेच आहे. उद्या संध्याकाळी सातच्या सुमारास आणून देते. तुम्ही घरी असाल ना?