हॅमस्ट्रिंग ताणल्यावर: मैदानात परत येईपर्यंतच्या सूचना
(१३ ते १७ वर्षांच्या खेळाडूंसाठी. पालकांनीही वाचावं.)

धावताना मांडीच्या मागच्या स्नायूत, म्हणजे हॅमस्ट्रिंगमध्ये, कळ आली, फिजिओने तपासलं आणि इजा पहिल्या किंवा दुसऱ्या ग्रेडची, म्हणजे स्नायूचे काही धागे तुटलेत पण स्नायू अखंड आहे, असं सांगितलं, तर हा कागद तुमच्यासाठी आहे. स्नायू पूर्ण तुटला असेल तर त्याचा मार्ग वेगळा. तो डॉक्टर ठरवतील.

खाली दिवस आणि आठवडे लिहिलेत ते निव्वळ अंदाजासाठी. पुढच्या टप्प्यात जायचं ते त्या टप्प्याच्या शेवटी दिलेली चाचणी जमली तरच. तुमच्यासोबतच दुखावलेला मित्र आधी धावायला लागला, म्हणून तुम्हीही लागायचं नाही.

आधी एक खात्री

तुमच्या वयात हाडं अजून वाढत असतात. हॅमस्ट्रिंग जिथून सुरू होतो त्या बसायच्या हाडाच्या टोकाला वाढीचा भाग असतो आणि तो स्नायूपेक्षा कच्चा असतो. त्यामुळे मोठ्या माणसाचा स्नायू ताणला जाईल अशा झटक्यात तुमच्या हाडाचा तुकडाच ओढून निघू शकतो. त्या क्षणी ‘टक्’ असा आवाज आला असेल, नितंबाच्या तळाशी हाडावर बोट ठेवताच कळ येत असेल किंवा खुर्चीवर बसवत नसेल, तर व्यायाम सुरू करू नका. आधी डॉक्टर आणि एक्स-रे.

मांडीत खड्डा लागत असेल, पायाला मुंग्या येत असतील, सूज तासागणिक वाढून मांडी दगडासारखी घट्ट होत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

टप्पा १: पहिले दोन-तीन दिवस

तुटलेल्या धाग्यांतून रक्त झिरपतं आणि शरीर तिथे सफाईसाठी पेशी पाठवतं. सूज आणि ठणका त्याचाच. या सफाईशिवाय दुरुस्ती सुरू होत नाही, म्हणून सूज पूर्ण मारून टाकायच्या मागे लागू नका.

क्रेप बँडेज बांधा, पण बोटं थंड किंवा निळसर पडतील इतकं आवळू नका. झोपताना पाय उशीवर ठेवा. बर्फाने दुखणं कमी होतं, भरून येण्याचा वेग वाढत नाही. लावायचाच तर कापडात गुंडाळून, एका वेळी १०-१५ मिनिटं. सूज उतरवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

गरम शेक, मालिश आणि ‘मोकळं होईल’ म्हणून ताणून बघणं या तीन गोष्टी या दिवसांत बंद. टीममधला कोणीतरी सीनियर मालिश करून द्यायला हमखास पुढे येतो. त्याला प्रेमाने नाही म्हणा.

दिवसभर पलंगावर पडून राहायचीही गरज नाही. न लंगडता जमेल तेवढं घरात चाला. लंगडावं लागत असेल तर कुबडी घ्या.

*चाचणी:* सपाट जागेवर न लंगडता चालता येतं. पाठीवर झोपून, गुडघा थोडा वाकवून टाच जमिनीत दाबली तर दुखणं १० पैकी ३ च्या वर जात नाही.

हे ‘१० पैकी ३’ शेवटपर्यंत लागणार आहे. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहनच होत नाही. व्यायामात ३ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या दिवसाइतकंच किंवा कमी हवं. वाढलं असेल तर कालचा व्यायाम जास्त झाला, आज एक पायरी खाली या.

टप्पा २: साधारण तिसऱ्या दिवसापासून दोन-तीन आठवडे

आता स्नायूच्या मूळ पेशी जाग्या होऊन नवे धागे तयार करतात आणि मधली फट कोलॅजन भरून काढतं. हे कोलॅजन सुरुवातीला गुंता झालेल्या लोकरीसारखं वाट्टेल तसं पडलेलं असतं. त्याला सरळ, स्नायूच्या दिशेने लावतो तो मोजका ताण. म्हणून व्यायाम आवश्यक आहे, आणि तो मोजकाच असायला हवा.

सुरुवात टाच दाबून धरण्यापासून: १० सेकंद दाबा, सोडा, असं ५ वेळा, दिवसातून दोनदा. ते सहज झालं की ब्रिज. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, टाचांवर भार देत कंबर उचला, वर ३ सेकंद थांबा आणि सावकाश खाली या. ८ वेळा, ३ सेट. बहुतेक मुलं इथे कमरेला बाक देतात आणि सगळं काम पाठ करते. नितंब घट्ट आवळा, बरगड्या वर फुगू देऊ नका. मांडीच्या मागे काम जाणवलं तर बरोबर, कंबर भरून आली तर चूक. दोन्ही पायांवर नीट जमलं की टाचा नितंबापासून थोड्या लांब सरकवा, आणि त्यानंतर एका पायावर. सायकल, पोहणं आणि वरच्या शरीराचा व्यायाम चालू ठेवायला हरकत नाही.

याच टप्प्यात सगळे फसतात. आठ-दहा दिवसांत चालताना दुखत नाही, जिना चढता येतो, आणि ‘बरा झालो’ असं वाटतं. दुखणं थांबलं, एवढाच त्याचा अर्थ. आतला जोड अजून स्प्रिंटच्या ओढीसाठी तयार नसतो. ‘दोनच ओव्हर टाकतो’, ‘फक्त शेवटची दहा मिनिटं उतरतो’ हे याच आठवड्यात ऐकू येतं. पेन स्प्रे मारून तर अजिबात उतरू नका. स्प्रेने कातडी बधिर होते, जोड पक्का होत नाही.

*चाचणी:* एका पायाचा ब्रिज दोन्ही बाजूंनी सारखाच जमतो. पाठीवर झोपून पाय सरळ वर नेला तर दुसऱ्या पायाइतकाच वर जातो. भराभर चालताना काहीच जाणवत नाही.

टप्पा ३: धावणं

हॅमस्ट्रिंग बहुधा पाऊल जमिनीला टेकण्याच्या जरा आधी फाटतो. तेव्हा पाय पुढे फेकलेला असतो आणि स्नायू लांब होत असतानाच त्याला ब्रेक लावत असतो. त्यामुळे ताकदही लांब झालेल्या स्थितीतच कमवावी लागते. एका पायावर उभं राहून कमरेतून पुढे झुकणं, टाचा टॉवेलवर सरकवत सावकाश पाय लांब करणं, आणि फिजिओ सांगतील तेव्हाच नॉर्डिक, म्हणजे गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कोणीतरी धरलेले असताना शरीर सरळ ठेवून सावकाश पुढे झुकत जाणं. नॉर्डिकनंतर मांडी दोन दिवस आंबते, म्हणून ते स्प्रिंटच्या आदल्या दिवशी करायचं नाही.

धावणं एक दिवसाआड. आधी चालणं-जॉगिंग आलटून पालटून. मग ४० मीटरचे टप्पे: वेग हळूहळू वाढवा, मधे थोडा धरून ठेवा, हळूहळू उतरवा. अचानक थांबायचं नाही. वेग आधी निम्मा, मग ७० टक्के, मग ८०, मग ९०. एका वेगाची दोन सत्रं बिनतक्रार गेली तरच पुढचा. ८० वरून ९० वर जाताना घाई करू नका, स्नायूवरचा भार तिथे झपकन वाढतो. वळणं, अचानक थांबणं आणि लांब किक यानंतर.

*चाचणी:* पूर्ण वेगाने अनेक स्प्रिंट, न कचरता. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के.

टप्पा ४: संघासोबत

आधी पूर्ण सराव, मग अर्धा सामना, मग पूर्ण. त्याच जागी पुन्हा इजा होण्याचा धोका परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो, आणि दुसरी इजा बहुधा पहिलीपेक्षा जास्त दिवस घरी बसवते. म्हणून आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम संपूर्ण सीझन चालू ठेवा.

पालकांसाठी: मुलांना ८ ते १० तास झोप मिळू द्या. ‘कधी खेळणार?’ याऐवजी ‘आज कुठली चाचणी जमली?’ असं विचारा. सामन्याची तारीख बघून फिजिओला गळ घालू नका.

खेळताना मांडीच्या मागे खेच जाणवली तर लगेच हात वर करून बाहेर या. ‘बघू, सुटेल’ म्हणून पुढचा चेंडू घेऊ नका. त्या दिवशी टप्पा १, आणि दुसऱ्या दिवशी फिजिओकडून तपासणी.