खो-खोच्या यादीत खरी नावं लिहा

मुलांनो, खाली बसा. मागचे पोट्टे, तुम्हीपण बसा. आज परिपाठात बोधकथा नाही. आज मला दिसण्यावरून पाडलेल्या नावांबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

काळ्या, हड्डी, ढोली, बुटक्या. मैदानावर ऐकते, हातपंपावर ऐकते, खिचडीच्या रांगेत तर रोजच ऐकते. पण सगळ्यात जास्त ऐकते ते दातांवरून, म्हणून त्याबद्दल आधी नीट समजून घ्या.

आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कितीतरी गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. एका लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते असू नये. लहानपणी, हिरडीच्या आत पक्के दात तयार होत असताना, असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर दातावर पांढरे, पिवळे, तपकिरी पट्टे उमटतात. म्हणजे दात तोंडात दिसायच्या आधीच डाग पडलेला असतो. ज्याला तुम्ही "दात घासत नाही का बे?" म्हणता, तो कदाचित तुमच्यापेक्षा जास्त घासतो. राखेनं, कोळशानं, मिठानं घासतो, हिरडीतून रक्त येईपर्यंत. तो डाग घासून जात नाही, उलट दातच झिजतो. घरच्यांनी बोअरचं पाणी पाजलं, कारण प्यायला दुसरं पाणी नव्हतं. यात त्या पोराची काय चूक, सांगा बरं?

रंगाचंही तसंच आहे. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचं द्रव्य असतं. ते आईबाबांकडून कमी-जास्त येतं, आणि उन्हात गेलं की कातडी ते आणखी बनवते, आतल्या भागाला ऊन बाधू नये म्हणून. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. कापूस वेचणाऱ्या आपल्या माया दिवसभर उन्हात असतात. त्या रंगाला नावं ठेवताना आपण कोणाला नावं ठेवतो, याचा विचार करा.

आणि उंची. मुली साधारण मुलांच्या दोनेक वर्षं आधी झपाट्यानं वाढतात. सहावीतली मुलगी उंच दिसते आणि शेजारचा मुलगा ठेंगणा, तो वयाचा हिशेब आहे. कोणाच्या अंगावर कोडाचे पांढरे डाग असतील तर ते शिवल्यानं लागत नाहीत. त्याच्या शेजारी बसा, त्याच्या डब्यातलं खा.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, आम्ही तर गंमत करतो. मग एकच बघा: ज्याच्यावर गंमत केली, तो हसला का? आणि हसला असेल तरी खात्री धरू नका. पुष्कळ पोरं रडू येऊ नये म्हणून हसतात.

माझ्या ओळखीच्या एक आजी आहेत. नातवाच्या लग्नात फोटो काढताना त्यांनी तोंडावर पदर घेतला. मी म्हटलं, "आजी, पदर काढा नं, छान दिसता." त्या म्हणाल्या, "नाही वं माय, माहे दात पिवळे हायेत." चौथीत असताना वर्गातल्या एका मुलानं त्यांना दातांवरून नाव पाडलं होतं. त्या मुलाला आज ते आठवतही नसेल. आजींनी मात्र तेव्हापासून तोंड उघडं ठेवून हसणंच सोडलं. परीक्षेतले मार्क विसरले जातात, छडीसुद्धा विसरली जाते. पण चेहरा रोज सोबत असतो, आरशात रोज दिसतो, म्हणून त्याच्यावर बोललेलं रोज नव्यानं ऐकू येतं.

हे शब्द मोठी माणसंही बोलतात, मला माहीत आहे. "पोरगी सावळीच निघाली" असं पाहुणे तिच्यासमोर म्हणतात. तुम्हाला त्यांना गप्प करता येणार नाही. पण तुम्ही हसू नका. नाव पाडणारा एकटा असतो, त्याला जोर मिळतो तो बाकीच्यांच्या हसण्यातून. आणि मोबाईलवर कोणाचा फोटो वाकडातिकडा करून ग्रुपवर आला, तर पुढे पाठवू नका.

ज्यांना असं नाव पडलं आहे त्यांनी मला सांगा. शाळा सुटल्यावर सांगा, वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं तरी चालेल. ही चुगली नाही. मी कोणाचंही नाव सगळ्यांसमोर घेणार नाही.

ज्यांनी नावं पाडली, त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागायची गरज नाही, त्यानं समोरच्याला आणखी लाज वाटते. शेजारी जाऊन हळूच "माझं चुकलं" म्हणा, आणि पुन्हा त्या नावानं हाक मारू नका.

आता कामाचं. सोमवारी केंद्रावर खो-खोच्या सामन्यांसाठी यादी द्यायची आहे. काल फळ्यावर कोणीतरी लिहिलेली यादी मी पुसली, त्यात अर्धी नावं हजेरीपटावर नव्हतीच. नवी यादी सातवीच्या मुलींनी मधल्या सुट्टीत करायची, आईबाबांनी ठेवलेली नावं पूर्ण लिहायची, आणि ऑफिसमध्ये आणून द्यायची. चला, पाचवीपासून रांगेनं वर्गात जा.