बिनरेघेचं अक्षर

कुसुमचं अक्षर मी झोपेतही ओळखीन. ती शब्दावर रेघच मारत नाही. दोरी काढून घेतली तरी तसेच वाळत राहिलेल्या कपड्यांसारखी तिची अक्षरं. "रेघ मारायला लागले की पुढचं सांगायचं विसरते," असं तिनं पहिल्याच वर्षी लिहिलं होतं.

ते वर्ष 1991. दोघी सातवीत. एका मासिकातल्या पत्रमैत्रीच्या पानावर मला तिचा पत्ता मिळाला, मु. पो. औसा. मी नौपाड्यातून लिहायचे आणि खाली 400602 ठळक काढायचे. देशातली पहिली प्रवासी गाडी 1853 साली आमच्या ठाण्याला आली, हे मी तिला मोठ्या तोऱ्यात कळवलं. तिनं उलट टपाली लातूरच्या नॅरोगेजचं वर्णन पाठवलं. 2016च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली, तेव्हा तिनं लिहिलं, "तुमच्याकडं गाडीतनं माणसं उतरली. आमच्याकडं पाणी उतरलं, आणि बघायला अख्खं गाव गेलं."

फोन आले तेव्हा दोनदा बोललो. पत्रातली कुसुम फोनवर नुसतं "हां, बरंय" म्हणत राहिली, मीही तशीच. पुन्हा पत्रांवर आलो. मोबाईलवर तिच्या नावापुढे बाळकृष्णाचा फोटो. लग्नातला तेवढा एक तिनं पाठवला होता, त्यात चेहरा मुंडावळ्यांनी झाकलेला. भेटायचं दोनदा ठरलं. एकदा माझ्या सासूबाई आजारी पडल्या, एकदा तिच्याकडं पेरणी आली.

आता तिच्या लेकीला, स्नेहलला, ऐरोलीत नोकरी लागली आणि तिला सोडायला कुसुम निघाली. चौतीस वर्षांनी.

पर्समध्ये मी एक पोस्टकार्ड ठेवलं होतं. तिला दाखवायचं म्हणून.

1993चं ते कार्ड. अनंत चतुर्दशीला तलावपाळीवर गणपती बोळवून आम्ही उशिरा झोपलो. सकाळी रेडिओवर किल्लारी. भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशात औसा आणि किल्लारी यांच्यामधलं अंतर मी बोटानं मोजलं, अर्धं पेरसुद्धा भरलं नाही. बाबांनी पोस्टातून जोडकार्ड आणलं. उत्तराच्या अर्ध्या भागावर आमचा पत्ता मीच घातला आणि तिला लिहिलं, "काही लिहू नकोस. नुसतं 'आहे' एवढं लिही आणि पेटीत टाक."

दहाव्या दिवशी कार्ड आलं. एकच शब्द होता, आहे. आणि त्यावर पट्टीनं मारल्यासारखी सरळ रेघ. मला वाटलं, घाबरलीय बिचारी, म्हणून नीट लिहिलंय. नंतर तीन महिने पत्र नव्हतं. मग आलं ते नेहमीसारखं बिनरेघेचं. दर तीस सप्टेंबरला मी तिला त्या कार्डाची आठवण काढून लिहायचे. त्या विषयावर तिचं उत्तर कधीच यायचं नाही. दुखरी जागा असेल, असं मी धरून चालले.

लातूर एक्स्प्रेस पहाटे ठाण्यात शिरली तेव्हा समोरच्या प्लॅटफॉर्मवर लोकलची गर्दी दाटली होती. डबा कुठला ते तिनं कळवलं होतं, पण गाडी पुढं जाऊन थांबली आणि मी डबे मोजत धावत सुटले. बॅगा, पोती, झोपेतली पोरं. प्रत्येक नऊवारी-सहावारीच्या तोंडाकडे बघत होते. कुठला चेहरा शोधायचा हेच ठाऊक नव्हतं.

पुलाच्या जिन्यापाशी एक बाई उभी होती. सावळी, बुटकी, खांद्यावरून पदर घट्ट घेतलेली. छातीशी तिनं एक निळं अंतर्देशीय पत्र धरलं होतं, पाहुण्याला घ्यायला आलेले ड्रायव्हर पाटी धरतात तसं. त्यावर माझं नाव. बिनरेघेचं.

"कुसुम?"

तिनं मला नीट पाहून घेतलं. "उंच आहेस की गं," म्हणाली. "पत्रात बुटकी वाटतेस."

मिठी वगैरे नाही मारली आम्ही. तिनं माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. हात खरखरीत होता, शेतातला. लेकीनं वाकून नमस्कार केला. "मावशी, आई रात्रभर बसूनच होती," म्हणाली आणि चहा आणायला गेली.

बाकावर बसलो आणि फोनवर व्हायचं तेच झालं. प्रवास कसा झाला? बरा झाला. जागा मिळाली? मिळाली. मग गप्प. एक फास्ट लोकल धडधडत गेली, तेवढ्यापुरतं न बोलणं सोपं झालं.

"हे घे," तिनं पत्र माझ्या मांडीवर ठेवलं. "आत्ताच वाच. मी बसते."

गाडीत लिहिलेलं होतं, अक्षरं हिंदकळलेली.

"मंजू, गाडी कुर्डुवाडीला थांबलीय. तोंडानं सांगायला जमणार नाही म्हणून लिहिते. त्या कार्डावरचं 'आहे' मी लिहिलेलं नाही. त्या रात्री मी औशात नव्हते. विसर्जनाला म्हणून मावशीकडं गेले होते, किल्लारीच्या बाजूला. पहाटे घर अंगावर आलं. मला कुणी काढलं, कुठल्या ट्रकात घातलं, काही आठवत नाही. अण्णा मला गावोगावच्या पालांत हुडकत होते, दवाखान्यांत हुडकत होते. मधे एकदा पैसे न्यायला घरी आले तर दारात तुझं कार्ड. मी नवव्या दिवशी सोलापूरच्या दवाखान्यात सापडले. म्हणजे अण्णांनी 'आहे' लिहिलं तेव्हा मी आहे का नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. मी नंतर विचारलं, असं का लिहिलंत? म्हणाले, ठाण्याची पोर वाट बघत असंल, आणि दुसरं काय लिहू, हात वळंना. मला तुला सांगायचं होतं. पण तू दर वर्षी त्या कार्डाचं इतक्या मायेनं लिहायचीस, की धीर झाला नाही. औंदा अण्णा गेले. आता नाही सांगितलं तर ते खोटंच राहील. कुसुम."

मी पत्र घडी करायला घेतलं, पण ती पहिल्या घड्यांवर बसेना. स्नेहल चहा घेऊन आली आणि आमच्याकडे बघून थोडी लांबच उभी राहिली.

मी पर्समधून कार्ड काढलं आणि कुसुमच्या हातात दिलं. ते तिनं कधीच पाहिलेलं नव्हतं. अण्णांनी लिहिलं, अण्णांनीच टाकलं, ते थेट माझ्याकडे आलं होतं. एवढी साधी गोष्ट माझ्या तिथं बसल्यावर ध्यानात आली.

ती बराच वेळ त्या एका शब्दाकडे बघत होती. मग बोटाचं टोक रेघेवरून सावकाश फिरवलं, डावीकडून उजवीकडे.

"अण्णांचंच आहे," म्हणाली. "हिशोबाच्या वहीत अशीच रेघ मारायचे. आधी रेघ, मग खाली अक्षरं."

"ठेव तुझ्याकडं."

"नको." तिनं कार्ड माझ्या पर्समध्ये सरकवलं आणि चेन स्वतः लावली. "तुला आलेलं आहे ते."

मग ती बोलायला लागली. सोलापूरचा तो वॉर्ड, शेजारच्या खाटेवरची म्हातारी, अण्णा दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या पायात चप्पल नव्हती ते. मीही बोलले, तिच्यावर बोलले, मधेच तोडून बोलले. चहा गार झाला. ऐरोलीच्या दोन गाड्या गेल्या, तेव्हा स्नेहलनं हळूच घड्याळ दाखवलं.

"उठ," मी म्हटलं, "आधी घरी. पोहे भिजवून आलेय."

तिनं बॅग उचलली. मी दुसरा बंद धरला, आणि आम्ही जिना चढायला लागलो.