ईश्वरीला पाचवीतून थेट सातवीत बसवण्याबाबत

सांगली
दि. १६ मार्च २०२६

प्रति,
मा. मुख्याध्यापक सर
आणि ईश्वरीचे आई-बाबा यांस

विषय: इयत्ता पाचवी ब मधील ईश्वरी हिला जून २०२६ पासून सहावीऐवजी सातवीत बसवण्याचा प्रस्ताव

सादर नमस्कार.

हे पत्र दोन्ही पक्षांना एकच लिहिते आहे. शाळेत एक बोलायचं आणि घरी दुसरं, असं या विषयात व्हायला नको.

मला सुचवायचं आहे ते असं: ईश्वरीने पाचवीची वार्षिक परीक्षा इतर मुलांसारखीच द्यावी, सहावीचा राहणारा भाग मे महिन्यात भरून काढावा आणि जूनमध्ये सातवीत बसावं. ईश्वरीच्या आजी याला ‘डबल प्रमोशन’ म्हणतील. मला तो शब्द इथे नको आहे, कारण प्रमोशन म्हटलं की बक्षीस आलं. पहिल्या नंबराचं बक्षीस म्हणून कुणालाही वर्ग ओलांडायला लावू नये. वर्गात दरवर्षी कुणीतरी पहिलं येतंच.

मग ईश्वरीच का? मार्कांमुळे नाही. नोव्हेंबरमध्ये वजाबाकीचा सराव चालला होता. ७२ वजा २७, ८१ वजा १८, अशी उदाहरणं. ती जागेवरून म्हणाली, “बाई, आकडे उलटे करून वजा केले की उत्तर नऊच्या पाढ्यातच येतंय.” असं दिसणारी मुलं मी आधीही पाहिली आहेत. हिने मधल्या सुट्टीत डबा न उघडता कारण शोधलं: दशकाचा अंक एककात गेला की प्रत्येकामागे दहाचा एक होतो, म्हणजे नऊ कमी, एककाचा दशकात गेला की नऊ जास्त. म्हणून फरक नऊच्याच पटीत. दुसऱ्या दिवशी तीन अंकी संख्या घेऊन आली. ५३१ वजा १३५ बरोबर ३९६, म्हणजे ९९ चौक, आणि इथे नऊच्या जागी नव्व्याण्णव का, हेही तिला सांगता येत होतं. तिला बीजगणित कुणी शिकवलेलं नाही. अक्षरांशिवाय ती बीजगणितच करत होती.

त्यानंतर मी पद्धतशीर पाहायचं ठरवलं. स्वतःच्या इयत्तेच्या पेपरात अशा मुलाची उंची कळत नाही, कारण छताला डोकं आधीच टेकलेलं असतं. म्हणून वरच्या इयत्तेचा पेपर द्यायचा. अमेरिकेत ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ पासून गणितात पुढे असलेल्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास सुरू केला, त्यात हीच रीत वापरली होती. फेब्रुवारीत दोन आठवडे, रोज शेवटच्या तासाला, मी ईश्वरीला आपल्या शाळेचे सहावीचे गेल्या वर्षीचे वार्षिक पेपर दिले. तयारी करायला सांगितलं नव्हतं. पेपर सहावीच्या वर्गशिक्षकांनी नाव झाकून तपासले. प्रत्येकी ५० पैकी गुण असे: गणित ४६, मराठी ४३, इंग्रजी ४२, विज्ञान ४१, हिंदी ३३, भूगोल ३१, इतिहास-नागरिकशास्त्र २७.

शेवटचे तीन आकडे मी लपवत नाही. सहावीचा इतिहास हडप्पा संस्कृतीपासून प्राचीन भारताचा आहे, नागरिकशास्त्र ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंतचं. हे अंदाजाने येत नाही, वाचावंच लागतं. गणितात आणि भाषेत ती पुढे आहे ते विचार करण्याच्या ताकदीवर. इतिहासात मागे आहे ते केवळ पुस्तक न उघडल्यामुळे. पहिली गोष्ट मे महिन्यात शिकवता येत नाही, दुसरी येते.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. सहावीच्या पेपरांनंतर मी तिला सातवीच्या पुस्तकातून २५ गणितं काढून दिली. १७ बरोबर आली. एक असं होतं: १५ मजूर एक भिंत ८ दिवसांत बांधतात, तर १० मजूर किती दिवसांत बांधतील? तिने नेहमीच्या त्रैराशिकाने उत्तर काढलं, ५ पूर्णांक एक तृतीयांश. मग स्वतःच थबकली. मजूर कमी झाले आणि दिवसही कमी? खोडलं, पुन्हा तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा कागद फाटला आणि ती रडायला लागली. “बाई, मला गणित येत नाही.”

पाच वर्षं शाळेत काढलेल्या मुलीवर गणिताशी अडण्याची ही पहिलीच वेळ होती. मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती तासगावच्या मामांच्या द्राक्षबागेचं उदाहरण घेऊन आली: बायका कमी आल्या की तोडणी लांबते, म्हणून आधी सगळं काम एका माणसाच्या दिवसांत मोजायचं, १२० दिवस, आणि मग १० ने भागायचं. उत्तर १२. चेहरा बघण्यासारखा होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की अडण्याची ही वेळ तिच्यावर आठवड्यातून दोनदा यायला हवी, आणि ती आपल्या डोळ्यांसमोर यायला हवी. सहावीत ती येणार नाही. न अडता नववीपर्यंत गेलेलं मूल तिथे पहिल्यांदा अडलं की “मला येत नाही” यावर शिक्कामोर्तब करून मोकळं होतं. तोवर त्याला धीर द्यायला वर्गशिक्षिकेकडे वेळही नसतो.

माझ्या मनातली भीतीही सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावी नोकरीला असताना, एका हुशार मुलाला ऑगस्टमध्ये वरच्या वर्गात बसवायला मीच पुढाकार घेतला होता. मधला अभ्यास भरून काढला नाही, नव्या वर्गाशी ओळख करून दिली नाही, त्याला धड विचारलंही नाही. त्याला सगळं येत होतं, पण लिहिण्याचा वेग त्या वर्गाचा नव्हता. प्रत्येक पेपरात दोन प्रश्न सुटायचे. दिवाळीपर्यंत तो गप्प झाला. खाली आणायचं तर लोक ‘नापास’ म्हणतील, म्हणून आणलाही नाही. पुढची सगळी काळजी त्या चुकीतून आली आहे.

ईश्वरीचा लिहिण्याचा वेग मी मोजला. सहावीच्या मुलांच्या मधोमध आहे, पण अक्षर घाईत बिघडतं. पहिल्या सत्रात तिला पेपरासाठी जादा १० मिनिटं द्यावीत अशी विनंती.

दुसरं, तिची संगत. आजची सहावी हाच तिचा उद्याचा वर्ग. म्हणून पाडव्यानंतर वार्षिक परीक्षेपर्यंत रोज गणित आणि विज्ञानाचे दोन तास तिने सहावीत बसावं. तिथल्या दोन वर्गशिक्षकांची तयारी आहे. आपण वर्गात काय होतं ते पाहू, आणि डबा ती कुणाबरोबर खाते तेही. दुसरी गोष्ट मला जास्त काही सांगेल.

मे महिन्यात तीन आठवडे, रोज दीड तास, मी स्वतः इतिहास, भूगोल आणि हिंदी घेईन. याचे पैसे घेणार नाही आणि बाहेरची शिकवणीही लावू नये. उरलेली सुट्टी तिची. आमराई, सायकल, मामाचं गाव, काहीही.

एप्रिलमध्ये एका पात्र मानसशास्त्रज्ञाकडून तिची बुद्धिमत्ता चाचणी करून घ्यावी. बिने-कामत चाचणी मराठीत आहे. पुण्याला ज्ञान प्रबोधिनीत १९६२ पासून याच प्रकारच्या मुलांसाठी काम चालतं, तिथे विचारणा करता येईल. वर्ग ओलांडण्याचा निर्णय घ्यायला आयोवा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी एक मोजपट्टी बनवली आहे. त्यात काही गोष्टींना सरळ नकार आहे: बुद्ध्यंक १२० च्या खाली असेल, भावंड आत्ताच्या किंवा नव्या वर्गात असेल, किंवा मुलालाच नको असेल तर थांबायचं. ईश्वरीचा भाऊ दुसरीत आहे, चुलतभाऊ आठवीत, तेव्हा भावंडांची अडचण नाही. बुद्ध्यंक अजून मोजायचा आहे. तो कमी आला तर हा प्रस्ताव मी स्वतः मागे घेईन.

तिला हवं आहे का? मी विचारलं. म्हणाली, “गणिताला जायला आवडेल. पण सईला काय सांगू?” हे ‘हो’ नाही, आणि आपण ते ‘हो’ धरू नये. सई आणि ती एकाच व्हॅनने येतात, खो-खोलाही एकत्र असतात. खेळाचे वयोगट जन्मतारखेवर ठरतात, त्यामुळे १४ वर्षांखालच्या संघात दोघी पुढेही एकत्रच राहतील. हे तिला सांगितलं तेव्हा जरा हलकी झाली.

परतीची वाट दिवाळीच्या सुट्टीपर्यंत उघडी असावी. जुलैअखेर आणि सहामाहीनंतर आपण चौघं, म्हणजे सर, आई-बाबा आणि मी, ईश्वरीला घेऊन बसू. झोप, जेवण, शाळेला जायची कुरकुर, मैत्रिणी आणि मग गुण, या क्रमाने बघू. परत यायचं ठरलं तर ती सहावीत येईल आणि शाळेत कुणीही त्याला नापास म्हणणार नाही, हे सरांनी शिक्षकांच्या बैठकीत आधीच सांगून ठेवावं.

सरांसाठी: जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांचं लेखी मार्गदर्शन आधी घ्यावं. ते येईपर्यंत पटावर आणि सरल, यू-डायसवर तिची नोंद सहावीचीच राहावी. उद्या शाळा सोडल्याचा दाखला काढताना मधलं वर्ष कुठे गेलं, याचं उत्तर कागदावर असलं पाहिजे. परवानगी मिळालीच नाही तर पटावर सहावी ठेवून गणित-विज्ञानाला सातवीत बसवणं, एवढं तरी करावं. तेही थोडं नाही.

आई-बाबांसाठी: बाबांनी गेल्या वेळी विचारलं होतं, “पुढे वयामुळे कुठे अडणार नाही ना?” जन्म १९ ऑगस्ट २०१५ चा. म्हणजे दहावी मार्च २०३० मध्ये, १४ वर्षं ७ महिन्यांची असताना. बारावी मार्च २०३२. पुढे डॉक्टर व्हायचं मनात आलं तर नीटसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण लागतात. तिला ऑगस्टमध्ये होतील, चार महिने राखून. मात्र याचा अर्थ असाही की आणखी एक वर्ग कधीही ओलांडायचा नाही. काही हातचं जाईलही. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीला असते, त्यातली सहावीची संधी हुकेल. आईंना काळजी आहे ती वेगळी: मोठ्या मुलींमध्ये ही लहान. ती खरी आहे. सातवीतल्या मुलींच्या गप्पा, त्यांचं वाढणं, हे तिला वर्षभर आधी ऐकू येईल. त्याबद्दल घरी आईंनी आणि शाळेत मी, जूनच्या आधी तिच्याशी मोकळेपणाने बोलावं.

मंगळवार, २४ मार्चला संध्याकाळी सव्वापाचला सरांच्या खोलीत बसू या का? बाबांना मार्केट यार्डातून निघायला उशीर होणार असेल तर साडेसहाही चालेल. तपासलेले पेपर, फाटलेल्या कागदासकट, मी घेऊन येते. त्या दिवशी निर्णय घ्यायचा नाही, फक्त सहावीतले दोन तास सुरू करायचे की नाही एवढं ठरवायचं. शेवटचा निर्णय एप्रिलअखेर, चाचणीचा अहवाल हातात आल्यावर.

तोपर्यंत शेजारीपाजारी आणि नातेवाइकांत याची वाच्यता नको. सईला काय सांगायचं ते ईश्वरीलाच ठरवू दे.

आपली,
वर्गशिक्षिका, इयत्ता पाचवी ब

सोबत: सहावीचे तपासलेले सात पेपर आणि सातवीच्या गणितांचा कागद (प्रती मुख्याध्यापकांकडे)